मेल ॲप म्हणतंय "जागा भरली", पण कुणाची? अकाउंटची की फोनची, हे कसं ओळखायचं

सांगलीहून काकांचा फोन आला, "अगं, मेल भरलाय म्हणतोय फोन, मी तीन वर्षांचे सगळे मेल उडवले तरी तो मेसेज काही जात नाहीये." काका त्यांच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी, सोसायटीचा जीमेल त्यांच्याच फोनवर, लिफ्टवाल्याची बिलं, पाण्याच्या टँकरच्या पावत्या, मेंटेनन्सचे हिशोब सगळं त्यात. मी विचारलं, नक्की काय लिहिलंय ते वाचून दाखवा, तर म्हणाले "स्टोरेज फुल". आणखी काय? "बास, एवढंच." दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट मागवला तेव्हा कळलं की वर `Storage space running out` लिहिलं होतं आणि खाली `Some system functions may not work`. म्हणजे मेलचा काही संबंधच नव्हता, फोन भरला होता, आणि काकांनी फोन रिकामा करायला सोसायटीच्या पावत्या उडवल्या.

महिनाभराने नेमकं उलटं झालं, तेव्हा अकाउंट भरलं आणि काका गॅलरीतले व्हिडिओ डिलीट करत बसले. या दोन प्रसंगांत जे कळलं ते पायरीपायरीने लिहिते. उदाहरण अँड्रॉइड आणि जीमेलचं घेते कारण आपल्याकडे बहुतेकांकडे तेच असतं, आयफोनचं आणि ऑफिसच्या मेलबॉक्सचं पुढे येईल.

आधी हे डोक्यात पक्कं करा की जागा दोन आहेत

तुमचे मेल खरे राहतात कंपनीच्या सर्व्हरवर. गुगलच्या फुकट अकाउंटला 15 जीबी मिळतात आणि ते नुसते मेलसाठी नसतात, जीमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटोज तिघांत मिळून ते 15 जीबी. त्यात 1 जून 2021 पासून फोटोज मध्ये बॅकअप होणारे फोटो सुद्धा धरले जातात (आधी कमी क्वालिटीचे फोटो फुकट जायचे, ते बंद झालं), आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही यातच मोजतात. म्हणजे घरातल्या ग्रुपवर येणारी गुड मॉर्निंगची फुलं तुमच्या मेलच्या जागेत जाऊन बसतात.

दुसरी जागा फोनची, 64 किंवा 128 जीबी जी काय असेल ती. मेल ॲप तिथे फक्त अलीकडच्या मेलची एक कॉपी ठेवतं, जीमेलमध्ये साधारण 30 दिवसांची असते सेटिंग बदललं नसेल तर, आणि जुना मेल उघडला की तो तेव्हा सर्व्हरवरून येतो. काकांनी 2022 चे मेल उडवले पण ते फोनवर नव्हतेच, मग फोनची जागा कशी वाढणार? तीन वर्षांच्या पावत्यांच्या बदल्यात फोनला मिळाले जेमतेम 40 एमबी.

यातलं धोक्याचं म्हणजे दोन्ही जागांना डिलीट सारखं लागू होत नाही. मेल फोनवरून डिलीट केला की तो सर्व्हरवरून पण जातो, कॉम्प्युटरवर बघा किंवा मुलाच्या टॅबवर बघा, गेला तो सगळीकडून गेला. पण फोनच्या सेटिंगमधून ॲपची कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरता साठवलेला माल, साफ केली तर सर्व्हरवरचं काही हलत नाही. म्हणून फोनची वॉर्निंग आलेली असताना मेल उडवणं म्हणजे सगळं गमावून काहीच न मिळवणं.

पायरी 1: वॉर्निंग कुठे दिसली आणि त्यात आकडा कुठला आहे

पहिल्यांदा काही न करता स्क्रीनशॉट काढा. हे मी मुद्दाम सांगते कारण लोक नोटिफिकेशन बाजूला सरकवून टाकतात आणि मग "काहीतरी फुल" एवढंच आठवतं.

वॉर्निंग जर वरून ओढायच्या पट्टीत आली असेल आणि तिच्यावर टॅप केल्यावर फोनचं सेटिंग उघडत असेल तर ती फोनची. अँड्रॉइड साधारणपणे मोकळी जागा 5 टक्के किंवा 500 एमबी, यातलं जे कमी असेल तिथे आली की ओरडायला लागतो, काही कंपन्या हा आकडा बदलतात. 64 जीबीच्या फोनवर 5 टक्के म्हणजे तीन जीबीच्या वर होतात, त्यामुळे तिथे 500 एमबीचाच नियम लागतो. म्हणून "अजून 400 एमबी आहेत की, मग फुल कसा" हा प्रश्न बरोबर नाही, फोनच्या हिशोबाने तो भरलेलाच आहे.

वॉर्निंग जर मेल ॲपच्या आत, इनबॉक्सच्या वर पट्टीसारखी आली असेल आणि टॅप केल्यावर गुगल वनचं किंवा जागा विकत घेण्याचं पान उघडत असेल तर ती अकाउंटची. तिथे भाषा असते की तुम्ही मेल पाठवू शकणार नाही किंवा घेऊ शकणार नाही. फोनची वॉर्निंग असं कधी म्हणत नाही, फोनला तुमच्या सर्व्हरचं काय पडलंय.

शब्दांपेक्षा मला आकडा जास्त भरवशाचा वाटतो. वॉर्निंगमध्ये किंवा टॅप केल्यावर उघडलेल्या पानात "पैकी किती" असं लिहिलेलं असतं, तो "पैकी"चा आकडा बघा. 15 जीबीपैकी असेल तर गुगल अकाउंट, 5 जीबीपैकी असेल तर बहुतेक आयक्लाउड, 64 किंवा 128 पैकी असेल तर फोन. काकांना मी एवढंच सांगितलं, पंधरा दिसले तर मेल, चौसष्ट दिसले तर फोन, आणि ते त्यांनी फोनच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

पायरी 2: एकाच अकाउंटला त्रास आहे की सगळ्यांना

ॲपमध्ये दोन-तीन अकाउंट असतील तर हे फार सोपं होतं. काकांच्या फोनवर सोसायटीचा आणि त्यांचा स्वतःचा असे दोन जीमेल आहेत. पहिल्या वेळी दोन्हीत नवीन मेल यायचे थांबले होते. दोन वेगवेगळी अकाउंट एकाच दिवशी भरतील असं सहसा होत नाही, त्यामुळे संशय फोनवर जातो. कारण असं की फोनची जागा फार कमी झाली की अँड्रॉइड पाठीमागे चालणारं सिंक, म्हणजे सर्व्हरवरून मेल आणायचं कामच थांबवतो, मग सगळ्याच अकाउंटचे मेल अडतात.

आणि त्याच वेळी दुसरी ॲपंही रडायला लागतात. कॅमेरा फोटो सेव्ह करत नाही, व्हॉट्सॲपवरचा फोटो धूसर राहतो आणि डाउनलोड होत नाही, प्ले स्टोअर अपडेट घेत नाही. मेल अकाउंट भरल्याने कॅमेरा कधी बंद पडत नाही. उलट कॅमेरा मस्त चालू आहे, व्हॉट्सॲप चालू आहे, दुसरा जीमेल चालू आहे आणि फक्त एकाच अकाउंटला मेल येत नाही, तर बघा अकाउंटकडे.

पायरी 3: तेच अकाउंट दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर उघडा

ही पायरी मी कधीच सोडत नाही. घरातला कॉम्प्युटर, शेजारच्याचा लॅपटॉप, काहीही चालेल (दुसऱ्याच्या मशीनवर प्रायव्हेट विंडो उघडा आणि नंतर लॉगआउट करा, हे विसरू नका). जीमेल ब्राउजरमध्ये उघडा. मग तिसऱ्याच पत्त्यावरून त्या अकाउंटला एक छोटा मेल पाठवा, अटॅचमेंट न लावता, विषयात "टेस्ट 4 वाजता" असं काहीतरी.

आता पाच मिनिटं थांबा. टेस्ट मेल कॉम्प्युटरवर दिसला पण फोनवर आला नाही, तर अकाउंट ठीक आहे, अडचण फोनमध्ये आहे. कॉम्प्युटरवरही दिसला नाही, आणि स्पॅममध्येही नाही, आणि ज्या पत्त्यावरून पाठवला तिथे "पोचला नाही" असा इंग्रजी मेल परत आला, तर अकाउंट भरलंय.

परत आलेल्या मेलमध्ये बरंच इंग्रजी असतं, त्यात असले आकडे शोधा:

```
452 4.2.2
552 5.2.2
```

दोन्हींत शेवटचे 2.2 म्हणजे समोरच्याची मेलबॉक्स भरली. सुरुवातीचा 4 म्हणजे तात्पुरतं, पाठवणाऱ्याचा सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने परत प्रयत्न करत राहील, साधारण चार-पाच दिवस, त्यामुळे अशा वेळी "पोचला नाही" हा मेल यायला उशीर पण लागतो. 5 म्हणजे संपलं, परत पाठवायला सांगा. तिथे जर 5.3.4 असेल तर तो वेगळाच आजार आहे, तो एकच मेल फार मोठा होता, जागेचा प्रश्न नाही. जीमेलवरून 25 एमबीच्या वरची अटॅचमेंट जात नाही, आणि लोक यालाही "मेल फुल झालाय" म्हणतात.

एक मेख सांगून ठेवते. कॉम्प्युटरवर मेल आला आणि फोनवर नाही, याचं कारण फोन भरलेलाच असेल असं नाही, सिंक बंद असू शकतं, डेटा सेव्हर चालू असू शकतो, किंवा बॅटरी वाचवायच्या नादात ॲपला मागे झोपवलेलं असतं. म्हणून पुढची पायरी करा आणि मगच निकाल द्या.

पायरी 4: दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा

फोनचा आकडा Settings मध्ये Storage मध्ये मिळतो. अकाउंटचा आकडा जीमेल ॲपमध्ये वर उजवीकडे तुमच्या फोटोवर टॅप केलं की दिसतो, नाही दिसला तर ब्राउजरमध्ये हे उघडा:

```
one.google.com/storage
```

इथे एकच काळजी, वर कुठलं अकाउंट लागलंय ते बघा. मी एकदा अर्धा तास आईच्या अकाउंटचे आकडे बघत बसले होते आणि साफसफाई बाबांच्या अकाउंटची करत होते.

काकांच्या पहिल्या वेळचे आकडे असे होते: फोन 64 जीबी, मोकळे 310 एमबी, सोसायटीचं अकाउंट 15 पैकी साधारण 5 जीबी. म्हणजे फोन भरलेला, अकाउंटला भरपूर जागा. दुसऱ्या वेळी फोनवर 14 जीबी मोकळे आणि अकाउंट 15 पैकी 15. असं शेजारी लिहिलं की भांडण संपतं. दोन्ही एकदम भरलेले असतील तर आधी अकाउंट सोडवा, कारण फोन भरला असताना येणारे मेल सर्व्हरवर वाट बघत बसतात, जागा झाली की सगळे येतात, पण अकाउंट भरलं असताना आलेला मेल परत जाऊ शकतो आणि तुम्हाला कळतही नाही की कुणीतरी काहीतरी पाठवलं होतं.

फोन भरलाय असं ठरलं तर

मेलला हात लावू नका. फोनची जागा खाल्ली कुणी हे Storage च्या पानावरच दिसतं. काकांच्या फोनवर व्हॉट्सॲपने 23 जीबी घेतले होते आणि जीमेल ॲपने सगळं मिळून 412 एमबी. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंगमधल्या स्टोरेज अँड डेटा मध्ये मॅनेज स्टोरेज आहे, तिथे सगळ्यात मोठे व्हिडिओ वर दिसतात, पण तुकड्या-तुकड्याने न उडवता ग्रुपनुसार बघा, काकांचे 11 जीबी फक्त एका भजनी मंडळाच्या ग्रुपचे होते.

मेलशी संबंधित एक जागा मात्र लोक विसरतात, डाउनलोड्स फोल्डर. मेलमधली पीडीएफ उघडायला म्हणून डाउनलोड दाबलं की तिची वेगळी फाइल फोनवर बसते आणि नंतर मेल डिलीट केला तरी ती तशीच राहते. काकांकडे एकच लिफ्टचं बिल सात वेळा होतं, मागे कंसात 1, 2, 3 असे आकडे लागून. दर वेळी बघायचं म्हटलं की काका डाउनलोड करायचे.

जीमेल ॲपचं स्वतःचं कमी करायचं असेल तर Settings, Apps, Gmail, Storage & cache मध्ये जाऊन Clear cache दाबा, याने काही जात नाही. शेजारचं Clear storage (काही फोनवर Clear data) मात्र दाबायच्या आधी ॲपमध्ये आउटबॉक्स उघडून बघा. जे मेल तुम्ही पाठवले असं तुम्हाला वाटतंय पण फोन भरल्यामुळे अडकलेत ते आउटबॉक्समध्ये असतात, ते सर्व्हरवर गेलेलेच नसतात, आणि Clear storage केलं की ते कायमचे जातात. सर्व्हरवर न पोचलेले ड्राफ्टही तसेच. काकांच्या आउटबॉक्समध्ये सोसायटीच्या सभेची नोटीस अडकलेली होती, चार दिवस, आणि काका रोज लोकांना विचारत होते "नोटीस मिळाली ना?".

आणि ते उडवलेले तीन वर्षांचे मेल? जीमेलमध्ये डिलीट केलेला मेल ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतो, काकांनी सहाव्या दिवशी फोन केला म्हणून ट्रॅशमधून सगळे निवडून परत इनबॉक्समध्ये आणले. ट्रॅश त्यांनी रिकामी केली असती तर पावत्या गेल्या होत्या.

अकाउंट भरलंय असं ठरलं तर

आता उलटं. फोनच्या गॅलरीतून, फाइल मॅनेजरमधून काहीही उडवा, अकाउंटच्या आकड्यावर त्याचा भरवसा नाही. सर्व्हरवरून काढावं लागतं. आधी बघा 15 जीबी कशाने भरलेत. काकांचं असं निघालं: फोटोज 9.8, ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप बॅकअप मिळून 3.3, मेल 1.9 जीबी. म्हणजे सगळेच्या सगळे मेल उडवले असते तरी दोन जीबीसुद्धा सुटले नसते.

आणि हे झालं कसं, तर माझ्यामुळेच. महिन्यापूर्वी फोन रिकामा करताना मी गुगल फोटोजचा बॅकअप चालू केला आणि मग Free up space दाबलं. ते बटण काय करतं, ज्या फोटोंची कॉपी अकाउंटवर गेलीय ते फोनवरून काढतं. फोन मस्त रिकामा झाला आणि सगळा भार सोसायटीच्या अकाउंटवर, कारण बॅकअप त्याच अकाउंटला लागला होता. काकांच्या नातवंडांचे व्हिडिओ सोसायटीच्या मेलच्या जागेत! म्हणून हा बॅकअप चालू करताना खाली कुठलं अकाउंट लिहिलंय ते बघाच.

फोटोज मधून काढताना मात्र जपून. बॅकअप चालू असताना फोटोज ॲपमधून फोटो डिलीट केला तर तो फोनवरून पण जातो आणि अकाउंटवरून पण. आम्ही आधी व्हिडिओ एका पेनड्राइव्हवर कॉम्प्युटरवरून उतरवून घेतले, उघडून बघितले, आणि मग अकाउंटवरून काढले, आणि फोटोज मधली ट्रॅशही रिकामी केली.

मेलमधलं कमी करायचं असेल तर एक-एक मेल बघत बसू नका. जीमेलच्या सर्चमध्ये हे टाका:

```
has:attachment larger:10M older_than:1y
```

10 एमबीच्या वरचे, वर्षभरापूर्वीचे, अटॅचमेंट असलेले मेल येतात. ठेवायचे ते सोडून बाकीचे डिलीट करा, आणि मग ट्रॅश आणि स्पॅम दोन्ही रिकामं करा. ही ट्रॅशची पायरी राहिली की लोक म्हणतात "डिलीट करूनही आकडा तसाच". तसाच राहणारच, ट्रॅशमधले मेलही 15 जीबीत मोजतात. रिकामं केल्यावरही आकडा लगेच हलला नाही तर घाबरू नका, थोडा वेळ जातो, रात्री करून सकाळी बघा.

ऑफिसच्या मेलबॉक्सची गंमत

तुमच्या ऑफिसचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर असेल आणि होस्टिंगवाल्याने एक-दोन जीबीची मेलबॉक्स दिली असेल, तर तो आकडा जीमेल ॲपमध्ये दिसत नाही. वेबमेलमध्ये, म्हणजे ब्राउजरमधून मेल बघायच्या पानावर जा, ते राउंडक्यूबचं असेल तर फोल्डरच्या यादीखाली टक्के दिसतात.

इथे एक विचित्र प्रकार होतो जो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा फोनच बिघडलाय असं वाटलं. मेलबॉक्स 100 टक्के भरली की डिलीटच होत नाही. मेल उडवला की दोन सेकंदांनी परत येऊन बसतो. कारण बऱ्याच ॲपमध्ये डिलीट म्हणजे आधी मेलची कॉपी ट्रॅश फोल्डरमध्ये करायची आणि मग मूळ काढायचा, आणि कॉपीला जागाच नाही, म्हणून सर्व्हर नकार देतो. मग आधी जुनी ट्रॅश वेबमेलमधून रिकामी करा. ट्रॅश आधीच रिकामी असेल तर वेबमेलच्या सेटिंगमध्ये ट्रॅशमध्ये न हलवता थेट डिलीट करायचा पर्याय शोधा, किंवा कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर असेल तर मेल निवडून Shift आणि Delete एकदम दाबा, पण तो मेल परत मिळत नाही एवढं लक्षात ठेवून.

असंच दुसरं लक्षण, मेल समोरच्याला पोचतो पण तुमच्या सेंटमध्ये दिसत नाही. पाठवणं वेगळ्या वाटेने होतं, पण पाठवलेल्याची कॉपी तुमच्या मेलबॉक्समध्ये ठेवायला जागा लागते. लोक गेला नाही समजून तीन-तीन वेळा पाठवतात आणि समोरचा वैतागतो.

अकाउंट पीओपी या मेल उतरवून घ्यायच्या पद्धतीवर लावलं असेल तर मात्र वरचं सगळं सावधपणे वाचा, कारण तिथे मेल फोनवर उतरवून सर्व्हरवरून काढून टाकायचं सेटिंग असू शकतं, मग फोनवरची कॉपी हीच एकमेव कॉपी, आणि तिथे Clear storage दाबणं म्हणजे कपाट जाळणं. अकाउंटच्या सेटिंगमध्ये IMAP लिहिलंय, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात, की POP3 ते आधी बघा.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात

तिथे नावंच सारखी आहेत म्हणून घोळ होतो, `iPhone Storage Full` आणि `iCloud Storage Full`. पहिलं फोनचं, ते Settings मध्ये General मध्ये iPhone Storage ला दिसतं. दुसरं आयक्लाउडचं, फुकट 5 जीबी, ते Settings मध्ये सगळ्यात वर तुमच्या नावावर टॅप केलं की दिसतं, आणि ते बहुतेक वेळा फोनच्या बॅकअपने आणि फोटोंनी भरलेलं असतं. आयक्लाउड भरलं म्हणून तुमचा जीमेल अडत नाही, जरी दोन्ही एकाच मेल ॲपमध्ये दिसत असले तरी. अडतो तो फक्त icloud.com च्या पत्त्याचा मेल. तुमचा पत्ता gmail.com चा असेल आणि आयक्लाउडची वॉर्निंग आली असेल तर मेल उडवून काहीही उपयोग नाही.

वॉर्निंग जर मेल म्हणूनच आली असेल

तिसरी शक्यता म्हणजे ती वॉर्निंग खोटी आहे. "तुमची मेलबॉक्स 98% भरली, आज रात्री बंद होईल, इथे क्लिक करा" असा मेल इनबॉक्समध्ये येतो, खाली बटण, बटण दाबलं की पासवर्ड मागतात. हा पासवर्ड चोरायचा जुना आणि अजूनही चालणारा धंदा आहे. खरे सर्व्हरसुद्धा 80-90 टक्क्यांना सूचनेचा मेल पाठवतात, त्यामुळे नुसत्या मजकुरावरून ओळखू जाल तर फसाल. त्या मेलमधलं बटण कधीही दाबायचं नाही, स्वतः ब्राउजर उघडून पायरी 4 मधला आकडा बघायचा. आकडा 40 टक्के असेल तर तो मेल कचऱ्यात. आणि मेलबॉक्स पूर्ण भरलीच असेल तर हा मेल आत आला कसा, हे पण विचारा स्वतःला.

काकांच्या अकाउंटचं सांगायचं राहिलं. फोटोजचा बॅकअप त्यांच्या स्वतःच्या अकाउंटला लावला, व्हॉट्सॲपचा बॅकअप पण तिकडेच आणि त्यातून व्हिडिओ वगळले, सोसायटीचं अकाउंट आलं 15 पैकी 4.1 वर. अकाउंट भरलेलं होतं ते दोन दिवस. त्यातले टँकरवाल्याचे दोन मेल दुसऱ्या दिवशी आपोआप आले, पण लिफ्टवाल्याचा परत गेला होता, त्याला काकांनीच फोन केला, "तुमचं बिल परत पाठवा हो, आमच्याकडे जागा नव्हती." तो म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, मला वाटलं तुम्हाला पैसे द्यायचे नाहीत."